गल्ला, रोजमेळ आणि मुलांचा हातखर्च

व्यापारी घरातील मुलाला पैसा लहानपणापासून दिसतो. मात्र त्याचा हिशेब दिसत नाही. संध्याकाळी दुकानात आलेले मूल गल्ल्यातून दहा-वीस रुपये घेते, कधी मुनीमजींना सांगते, कधी सांगतही नाही. वडील हसून दुर्लक्ष करतात. काकांच्या दुकानातून वही येते, आत्याच्या दुकानातून खेळणे येते, आणि त्यांची किंमत कोणी विचारत नाही. मोठ्या माणसाने गल्ल्यातून रक्कम घेतली तर ती त्याच्या खाती ‘उचल’ म्हणून नावे पडते. मुलाची उचल मात्र कोठेच पडत नाही. त्यामुळे गल्ला म्हणजे कधीही न आटणारी विहीर, असा त्याचा समज होतो आणि तो त्याच्या दृष्टीने चुकीचाही नसतो.

हातखर्चाचा विचार येथूनच सुरू करावा. मुलाला ठरावीक रक्कम द्यायची असेल तर त्याच दिवसापासून गल्ला त्याच्यासाठी बंद झाला पाहिजे. हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवले तर हातखर्च हा केवळ आणखी एक लाड ठरतो. बालसंस्काराच्या गोष्टी अनेक घरांत होतात. परंतु ही एक गोष्ट दुकानातील सर्वांना, मुनीमजींसह, स्पष्ट सांगावी लागते आणि ती सांगायची बहुधा राहून जाते.

रक्कम किती असावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शेजारच्या घरात किती देतात यावरून ती ठरवू नये. चार आठवडे काही न बोलता एक टिपण ठेवावे: मुलाच्या मागणीवरून घरातून आणि दुकानातून मिळून किती खर्च झाला? समजा, अकरा वर्षांच्या मुलावर पहिल्या आठवड्यात 180, दुसऱ्यात 60, तिसऱ्यात 240 आणि चौथ्यात 120 रुपये खर्च झाले. एकूण 600, म्हणजे सरासरी आठवड्याला 150. हीच त्याची रक्कम. नवा पैसा घरातून जात नाही. जो जातच होता तो आता त्याच्या हातून आणि त्याच्या निर्णयाने जाईल, एवढाच फरक.

रकमेपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे त्या रकमेत काय बसते, हे आधी लिहून ठेवणे. फी, पाठ्यपुस्तके, गणवेश, डबा, रिक्षा हे घराचे. शाळेच्या उपाहारगृहातील खाणे, आवडीची पेने, चेंडूची वर्गणी, मित्राच्या वाढदिवसाची भेट हे त्याचे. मधल्या गोष्टींवर वाद होतील, म्हणून त्याही पहिल्याच दिवशी कोणत्या तरी बाजूला टाकाव्यात. परिग्रह-परिमाणाच्या अणुव्रतात मर्यादा इच्छा उत्पन्न होण्यापूर्वी ठरवलेली असते, वस्तू समोर आल्यावर नव्हे. इथेही तेच. दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहून सुरू केलेली चर्चा मूलच जिंकते.

आता वही. दोनशे पानी वहीची आवश्यकता नाही. पातळ, रेघांची वही पुरते. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, वर आरंभीची शिल्लक आणि खाली अखेरची. आपल्या दुकानांतील हिशेब आता संगणकावर गेले, तरी आजोबांना रोजमेळ लिहिता येतो आणि नातवाला शिकवायला त्यांना आवडतेही. दररोज दोन मिनिटे आणि रविवारी पंधरा मिनिटे, इतकाच वेळ लागतो.

वर सांगितलेल्या मुलाचे पहिले दोन आठवडे पाहू. रविवारी 150 जमा झाले. उपाहारगृहात तीन वेळा वीस-वीस, म्हणजे 60, पेन 30, वेफर्स 20, चेंडूची वर्गणी 40. गुरुवारी शिल्लक शून्य. शुक्रवारी तो आईकडे आला, आई नाही म्हणाली, आणि आजीने देवघरातल्या डबीतून गुपचूप पन्नासची नोट काढून दिली.

जवळजवळ प्रत्येक एकत्र कुटुंबात गाडी येथेच अडते. आजीला अडवू नये. अडवून ती थांबतही नाही. तिने दिलेली रक्कम मात्र वहीत तिच्या नावाने जमा झाली पाहिजे आणि पुढच्या रविवारपर्यंत खर्चता कामा नये, इतकी विनंती तिला करावी. मग तो पैसा प्रेमाचाच राहतो. रिकामा खिसा भरून देण्याचे साधन होत नाही. पहिल्याच महिन्यात गुरुवार ते रविवार हे तीन दिवस रिकाम्या खिशाने काढणे, यात मुलाचे काही बिघडत नाही. डबा घरचा आहे, तो उपाशी नाही. वडिलांनी या दिवसांत ‘पुढच्या आठवड्यातून घे’ असे म्हणून आगाऊ रक्कम देऊ नये. उधारीचा धडा पुढे देता येईल. आधी रोखीचा पुरा होऊ द्यावा.

दुसऱ्या आठवड्यात आरंभीची शिल्लक आजीचे 50, त्यात 150 जमा, एकूण 200. या वेळी 50 रुपये प्रथमच बाजूला डब्यात गेले. आठवड्याच्या शेवटी उरेल ते शिल्लक टाकू, असे ठरवले तर काहीच उरत नाही, हे पहिल्या आठवड्याने दाखवले होते. खर्च झाला तो असा: उपाहारगृह 40, वही 35, मित्राची भेट 60, एकूण 135. वहीप्रमाणे खिशात 15 रुपये हवेत. प्रत्यक्षात निघाले 5.

हा दहा रुपयांचा फरक संपूर्ण उपक्रमातला सर्वांत मोलाचा क्षण आहे. वडिलांनी येथे रागावू नये, आणि आपल्या खिशातून दहाची नोट काढून मेळही बसवू नये. दुकानात रोकड जुळली नाही तर आपण काय करतो? आधी शोधतो. दिवस उलटा आठवतो. मुलानेही तसेच केले तेव्हा बुधवारी शाळेबाहेर घेतलेली कुल्फी आठवली. ती लिहिली आणि मेळ बसला. शोधूनही सापडले नाही तर ‘फरक’ म्हणून दहा रुपये नावे टाकावेत आणि पुढे जावे. जुळवण्यासाठी खोटी नोंद घातली जात असेल तर ते ओळखणे कठीण नाही. रकमा अचानक गोल होतात, एकाच शाईत पूर्ण आठवडा लिहिलेला दिसतो, आणि फरक कधीच निघत नाही. अशा वेळी बहुधा मुलाला ओरडा खाण्याची भीती असते. दोष वहीपेक्षा आपल्या प्रतिक्रियेत शोधावा.

मुलाच्या गुणांवरून हातखर्च कापणे किंवा वाढवणे मला योग्य वाटत नाही. रक्कम अनिश्चित झाली की आखणी करणे अशक्य होते, आणि आखणीसाठीच तर ती दिली.

गरज आणि इच्छा यांतील भेद मुलांना शिकवताना बहुधा याद्या केल्या जातात: अन्न ही गरज, चॉकलेट ही इच्छा. मूल ही यादी पाठ करते आणि दुकानात गेल्यावर विसरते, कारण व्यवहारातील बहुतेक वस्तूंत दोन्ही मिसळलेल्या असतात. बूट हे याचे चांगले उदाहरण आहे. खेळाच्या तासाचे बूट फाटले, तेव्हा नवे बूट ही गरजच. साधा, टिकाऊ जोड 900 रुपयांना मिळतो. मुलाला मात्र मित्राच्या पायातला 2,300 चा हवा आहे. ‘हा हट्ट आहे’ असे म्हटले तर तो म्हणेल, ‘मला बूट लागतातच ना!’ आणि त्याचे अर्धे बरोबर आहे.

म्हणून वस्तूचे दोन भाग करावेत. गरजेचे 900 घर देईल. वरचे 1,400 त्याने द्यावेत. डब्यात आठवड्याला 50 पडतात, म्हणजे अठ्ठावीस आठवडे. हे गणित त्याच्याकडूनच करून घ्यावे. आपण सांगितले तर तो नकार वाटतो. बूट तर आता हवेत, सहा महिन्यांनी नाही. आपल्या मुलाने दुकानात पुन्हा शोध घेतला, तेव्हा 1,100 चा एक जोड त्याला आवडला. फरक 200. डब्यात दोन आठवड्यांचे 100 होते, म्हणून आणखी दोन आठवडे जुने बूट शिवून घेतले आणि मग नवे आणले. महागड्या बुटांवर व्याख्यान देण्याची वेळ कोणावरही आली नाही. ज्या मुलाच्या 1,400 पैकी एकही रुपया स्वतःचा नसतो, त्याला 1,100 चा जोड दिसतच नाही.

जी वस्तू तातडीची नाही, ती वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि किंमत घालून लिहावी व पंधरा दिवस थांबावे. पंधरा दिवसांनी मूल स्वतःच काही नावांवर काट मारते. जे नाव टिकते त्याला आपणही मान द्यावा, आपल्या दृष्टीने ती वस्तू निरुपयोगी असली तरी. तिचे मोल ठरवायचा अधिकार पैसे साठवणाऱ्याचा आहे.

दानासंबंधी एकच गोष्ट. भांडारात टाकण्यासाठी आपण मुलाच्या हाती नोट देतो, ते दान आपले असते. जीवदयेसाठी त्याने स्वतःच्या डब्यातून दहा रुपये काढले, तर ते त्याचे. पण काढण्याची सक्ती करू नये.

डब्यातील रक्कम हजाराच्या पुढे गेली की ती घरात ठेवण्यात अर्थ नाही. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. मर्यादा प्रत्येक बँक आपापली ठरवते, आणि अशा खात्यात शिल्लक कधी उणे होऊ दिली जात नाही. दिवाळीची ओवाळणी आणि पाहुण्यांनी हाती ठेवलेल्या रकमा यांसाठी टपाल कार्यालयाचे आवर्ती ठेव खाते बरे. महिना किमान 100 रुपये आणि मुदत पाच वर्षे. मात्र बुटांसारख्या जवळच्या उद्दिष्टाचा पैसा त्यात अडकवू नये. अकरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षे हा काळ कळत नाही. रक्कम मोठी झाली तर करसल्लागाराच्या कानी घालावी, कारण अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज सर्वसाधारणपणे आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते.

फोनवरून पैसे देण्याची सोय या वयात टाळलेली बरी. कोडवर फोन धरला की रक्कम जाते, हातातून काही सुटल्याचे जाणवत नाही. रोखीचा मेळ सलग काही महिने मोठा फरक न येता बसू लागला, की मग तो विचार करावा.

दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा मुलाची पातळ वहीही त्या ओळीत ठेवावी. जुन्या वहीची अखेरची शिल्लक नव्या पानावर त्याच्याच हाताने उतरवून घ्यावी, आणि त्या वर्षी रक्कम किती वाढवायची हे पुन्हा चार आठवड्यांच्या टिपणावरूनच ठरवावे.