सर्व्हर जुना, गेम नवा

१३ जून २०२४ च्या गुरुवारी माइनक्राफ्टची `1.21` आवृत्ती आली. राज्यातल्या बऱ्याच शाळा १५ तारखेला उघडायच्या होत्या, म्हणजे पोरांच्या दृष्टीने सुट्टीचं शेवटचं शेपूट उरलेलं. ज्या घरांत कन्सोलवरची मुलं महिनाभर एखाद्या जुन्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरवर किल्ले बांधत होती, तिथे कन्सोलवरचा गेम आपोआप नवा झाला आणि लॅपटॉपवरचा सर्व्हर होता तसाच राहिला. मग किल्ल्याच्या दाराशी पाटी: `Outdated server`.

आमच्या भाचरांसाठी मीही असा एक सर्व्हर चालवतो, त्यामुळे ही पाटी दिसल्यावर मुलं काय करतात हे मला पाठ आहे. आधी हाक येते, “मामा, नेट गेलंय का?” मग राउटर बंद-चालू होतो. मग कुणीतरी गेमच काढून टाकून पुन्हा टाकायची टूम काढतं, आणि इथे मात्र मी धावतो. गेम पुन्हा टाकला की तो पुन्हा नवाच येणार, मग फरक काय पडणार? शिवाय फोनवर गेम काढला तर त्यातच साठवलेली बाकीची जगं बहुधा जातातच.

खरं तर ही पाटी घरचं नेटवर्क चालू असल्याचाच पुरावा आहे. ते नसतं तर सर्व्हरकडून उत्तरच आलं नसतं. आणि पाटीतला शब्द कोण मागे राहिलंय तेही सांगतो. `Outdated server` म्हणजे तुमचा गेम नवा, सर्व्हर जुना. `Outdated client` म्हणजे उलट. मुलं हे वाचतच नाहीत. पाटी दिसली की “एरर आली” एवढंच.

आत घडतं ते फार साधं आहे. माइनक्राफ्टच्या कन्सोल-मोबाइलच्या आवृत्तीला, म्हणजे बेडरॉकला, दोन ओळखी असतात. एक आपल्याला दिसणारी, उदाहरणार्थ `1.21.0`. दुसरी आतली, प्रोटोकॉल क्रमांक, म्हणजे गेम आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात त्या पद्धतीचा क्रमांक. घरच्या नेटवर्कवर कन्सोल “कुणी आहे का?” असं विचारतो तेव्हा सर्व्हर स्वतःची ओळख एका ओळीत सांगतो. ती अशी असते:

```
MCPE;Dedicated Server;671;1.20.80;...
```

इथला `671` हा तो क्रमांक. `1.21.0` चा क्रमांक `685`. आत शिरायचा प्रयत्न केला की गेम अगदी पहिल्याच निरोपात आपला क्रमांक पाठवतो. तुम्ही कोण, खेळायची परवानगी आहे का, हे सगळं त्यानंतर. सर्व्हर `685` आणि `671` शेजारी ठेवून बघतो, पाहुणा पुढचा आहे हे कळतं, आणि बोलणं तिथेच संपतं. `1.20.80` आणि `1.20.81` या दोघांचा क्रमांक मात्र एकच, `671`. म्हणून कधी छोटा अपडेट येऊनही सगळं बिनबोभाट चालतं, आणि मुलं म्हणतात, “गेल्या वेळी तर चाललं होतं!” दिसणारा आकडा बदलला म्हणजे आतला बदललाच असं नाही.

क्रमांक जुळला नाही म्हणून एवढा कडकपणा कशाला, असं मलाही पूर्वी वाटायचं. पण गेम आणि सर्व्हर एकमेकांना जे पाठवतात त्यात बहुतांशी नावं नसतात, नुसते आकडे ठरलेल्या क्रमाने असतात. रकान्यांना मथळे नसलेली हिशेबाची वही समजा. नव्या आवृत्तीने मध्येच एक रकाना वाढवला की जुना वाचणारा पुढचं सगळं एक घर सरकवून वाचतो. ठोकळ्यांचंही तेच. ‘दगड’ किंवा ‘माती’ असा शब्द जात नाही, क्रमांक जातो. `1.21` मध्ये तांब्याचे जाळीदार ठोकळे, दिवे असं बरंच काही नवं आलं. जुन्या सर्व्हरला या नव्यांचे क्रमांक माहीतच नसतात. अशा वेळी सर्व्हरने मऊपणा दाखवून आत घेतलं असतं, तर भिंतीच्या जागी भलतंच काही दिसलं असतं, नाहीतर गेम कोसळला असता. दारातूनच परत पाठवणं बरं.

माझी कुरकुर वेगळीच आहे. पीसीवरच्या जावा आवृत्तीत लाँचरमधून जुनी आवृत्ती निवडून खेळता येतं. कन्सोलवर ती सोय नाही. तो पुढेच जातो, मागे येत नाही. सर्व्हर मात्र कुणीतरी हाताने बदलेपर्यंत जागचा हलत नाही. भाड्याने घेतलेल्या अधिकृत रिअल्म्सवर हा प्रश्न येत नाही, कारण ते त्यांचे तेच नवे होतात. घरच्या सर्व्हरवाल्याला मात्र जागं राहावं लागतं, आणि हे अपडेट बहुधा आपल्याकडे संध्याकाळी किंवा रात्री येतात.

म्हणून घाईने सर्व्हर नवा केला, तर दुसरी गंमत होते. प्रत्येक कन्सोलवाल्या कंपनीची स्वतःची मंजुरी असते, त्यामुळे एखाद्या दुकानात अपडेट उशिरा पोचू शकतो. मग कालपर्यंत बाहेर असलेला आत येतो आणि कालपर्यंत आत असलेल्याला `Outdated client` दिसतं. म्हणून मी आधी प्रत्येकाला गेमच्या पहिल्या पडद्यावर खाली कोपऱ्यात लिहिलेला आवृत्तीचा आकडा मोठ्याने वाचायला लावतो. सर्व्हर सुरू होताना पहिल्या काही ओळींत `Version` म्हणून त्याचा आकडा येतो, तो शेजारी ठेवायचा. सगळ्या घराचा आकडा एक झाला की मगच सर्व्हरला हात लावायचा. एकाच भाच्याचा कन्सोल मागे असेल तर त्याला आधी अपडेट शोधायला लावायचं. बऱ्याचदा तो आलेला असतो, फक्त गेम बंद केलेला नसतो.

हात लावायचा म्हणजे नवी झिप उतरवून थेट जुन्यावर पसरायची नाही. आधी सर्व्हरच्या खिडकीत `stop` लिहून तो नीट बंद करायचा, मग `worlds` हे फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवायचं. हे टाळायचं नाही, कारण नव्या सर्व्हरने एकदा जग उघडलं की ते जुन्यात परत उघडेल यावर विसंबता येत नाही. त्याच्याबरोबर `server.properties`, `allowlist.json` आणि `permissions.json` या तीन फायलीही उचलून ठेवायच्या, आणि नवी झिप पसरल्यावर परत जागेवर आणायच्या. नव्या झिपमध्ये याच नावाच्या कोऱ्या फायली असतात आणि त्या तुमच्या फायलींवर बिनदिक्कत बसतात.

यातूनच सगळ्यात घाबरवणारा प्रकार होतो. सर्व्हर सुरू होतो, पाटी जाते, मुलं आत शिरतात आणि किल्ला नसतो! मोकळं कुरण, दोन मेंढ्या. एखादं भाचरू रडायलाच लागतं. जग कुठेही गेलेलं नसतं. तुमच्या जगाचं नाव काहीतरी वेगळं होतं, आणि कोऱ्या `server.properties` मध्ये `level-name=Bedrock level` असं लिहिलेलं असतं. त्या नावाचं फोल्डर सर्व्हरला सापडत नाही, म्हणून तो तिथल्या तिथे नवं जग बनवतो. `stop` करायचं, `level-name` पुढे `worlds` मधल्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं लिहायचं, आणि पुन्हा सुरू करायचं.