वाटेत काय झालं, तेही सांगा!

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या खोडदच्या दुर्बिणीचं नाव जगभर गाजलं. नारायणगावजवळ शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या मोठमोठ्या डिश तुम्ही शाळेच्या सहलीत, नाहीतर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला गेला असाल तेव्हा पाहिल्या असतील. तीच ती जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची दुर्बीण. तिने खूप दूरच्या एका दीर्घिकेतून आलेला रेडिओ सिग्नल टिपला होता. बातमी खरी होती आणि मोठीही होती. पण या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जाता जाता तिला ‘एलियन’ हा शब्द चिकटला आणि नेमकं सापडलं काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

आज तुमच्यातले कितीतरी जण रील काढतात. कुणी किल्ल्यांवर, कुणी शेतीवर, कुणी कॉलेजच्या गॅदरिंगवर. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, म्हणजेच ‘हूक’ जबरदस्त पाहिजे, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. प्रश्न एवढाच आहे, की उत्सुकता ताणायची कुठवर? कुठल्या टप्प्यावर ती फसवणूक होते? हा टप्पा शोधायला खोडदची बातमी फार सोयीची आहे. म्हणून तिचेच तीन हूक करून बघू.

पहिला हूक : ‘खोडदला एलियनचा सिग्नल?’ शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपली सुटका झाली, असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण उत्तर ‘नाही’ आहे हे त्याला आधीच माहीत असतं. विज्ञानात ‘सिग्नल’ म्हणजे यंत्राने मोजलेली खूण. ती कुणी मुद्दाम पाठवलेली असावी लागत नाही. हा सिग्नल हायड्रोजनच्या अणूंमधून आपोआप निघालेला होता. तेव्हा हा हूक उत्सुकता ताणत नाही, चक्क खोटं बोलतो.

दुसरा हूक : ‘खोडदच्या दुर्बिणीने जे पकडलं, ते पाहून शास्त्रज्ञही हादरले!’ यात उघड खोटं काही सापडणार नाही. पण एक गंमत करा. ‘खोडदच्या दुर्बिणी’च्या जागी ‘ओतूरच्या कांद्याच्या वखारीत’ किंवा ‘मंचरच्या स्टँडवर’ असं टाकून बघा. वाक्य तसंच चालतं! जो हूक कशालाही लागतो, त्यात त्या विषयाचं काहीच नसतं. बघणारा काय शोधायला आत येतोय हे त्यालाच ठाऊक नसतं. त्यामुळे आत काहीही मिळालं तरी तो नाराजच होतो.

तिसरा हूक : ‘हा सिग्नल निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती. निघाला तेव्हा त्याच्या लाटेची लांबी होती २१ सेंटीमीटर. खोडदला पोचला तेव्हा ४८. वाटेत काय झालं?’

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. सिग्नल सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला आणि पृथ्वीचं वय आहे साधारण ४५४ कोटी वर्षं. बघणाऱ्याच्या हातात आपण दोन पक्के आकडे दिले आणि मधली जागा मोकळी सोडली. जॉर्ज लोवेनस्टाईन या अभ्यासकाने १९९४ मध्ये उत्सुकतेबद्दल नेमकं हेच मांडलं होतं. आपल्याला थोडं माहीत असतं आणि मध्येच एक भोक दिसतं, तेव्हा ते बुजवायची ओढ लागते. काहीच माहीत नसेल तर भोकही दिसत नाही. म्हणजे चांगल्या हूकला आधी काहीतरी द्यावं लागतं आणि मगच काहीतरी राखून ठेवता येतं. दुसऱ्या हूकने सगळंच राखून ठेवलं होतं, म्हणून तो पोकळ निघाला.

आता उत्तर द्यायची वेळ. सिग्नल प्रवासात असताना विश्व प्रसरण पावत होतं. अवकाश ताणलं गेलं आणि त्याबरोबर लाटही ताणली गेली, जवळपास सव्वादोन पटीने. झालं, पहिली गाठ सुटली. ती एक मिनिटाच्या रीलमध्ये विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला सुटायला हवी. आणि ती सुटते तिथेच दुसरी बांधता येते : ‘पण इतक्या लांबून आलेला इतका क्षीण सिग्नल ऐकू आलाच कसा?’ याचं उत्तर पहिल्यापेक्षाही भारी आहे. त्या दीर्घिकेच्या आणि आपल्या मध्ये दुसरी एक दीर्घिका होती. तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं आणि सिग्नल सुमारे ३० पट मोठा झाला. माणूस शेवटपर्यंत थांबतो, कारण पहिलं उत्तर मिळाल्यामुळे दुसरंही मिळणार याची त्याला खात्री असते. एका वेळी एकच गाठ, आणि नवी बांधण्याआधी जुनी सोडवायची. ओपन लूपचं सगळं तंत्र यात आलं. ‘उत्तर पार्ट २ मध्ये’ म्हणायलाही हरकत नाही, फक्त पार्ट १ मध्ये एक तरी गाठ पूर्ण सुटलेली हवी.

सगळ्यात निसरडी जागा मात्र वेगळीच आहे. ‘आजवरचा सर्वात दूरचा रेडिओ सिग्नल’ असंही तेव्हा सांगितलं गेलं. हेही चूकच. याहून दूरच्या दीर्घिकांकडून रेडिओ लहरी आधीही मिळाल्या होत्या. विक्रम होता तो हायड्रोजनच्या या विशिष्ट, २१ सेंटीमीटरच्या लहरीचा, तोही एकाच दीर्घिकेतून आलेल्या. हूक आखूड करताना असे ‘अडचणीचे’ शब्द पहिले उडतात, आणि नेमके तेच शब्द वाक्याला खरं ठेवत असतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी उत्तर एका वाक्यात कागदावर लिहा. मग विचारा, हे वाक्य वाचून हूकला थांबलेला माणूस ‘अच्छा, असं होय!’ म्हणेल, की ‘एवढंच?’ म्हणेल. ‘एवढंच’ येत असेल तर हूकचा आवाज कमी करा, नाहीतर उत्तर मोठं शोधा.

फसलेला हूक ओळखताही येतो. क्लिक भरपूर येतात, पण बघणाऱ्यांचा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळतो. कॉमेंटमध्ये कुणीतरी ‘उत्तर ७:४० ला आहे, बाकी पाहू नका’ असं लिहून जातं. फेसबुकने २०१४ मध्ये क्लिकबेट मागे ढकलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचाही एक निकष असाच होता : लिंक उघडल्यावर माणूस तिथे थांबतो, की लगेच परत येतो?

पण आकडे पडायच्या आधी भरवसा पडलेला असतो. हे आपल्या नारायणगावला शिकवायला नको. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात आणि आपल्या जत्रेसाठी सुपारी ठरवतात. गण, गौळण, बतावणी आणि सगळ्यात शेवटी वग. त्या वगासाठी माणसं रात्रभर बसतात, हाही ओपन लूपच की! पण वग पडला तर पुढच्या पाडव्याला तेच पंच त्या राहुटीवरून सरळ पुढे जातात. मोबाइलवर आपल्याला पंच दिसत नाहीत. प्रेक्षक न संपणारे आहेत असं वाटतं, म्हणून एकेकाला फसवायला काही वाटत नाही. प्रत्यक्षात तुमचं चॅनल बघणारे बहुतेक तुमच्याच कॉलेजचे आणि तुमच्याच तालुक्यातले असतात. ते भांडत बसत नाहीत, नुसते पुढे स्क्रोल करतात.

आणि आपल्या भागात या भरवशाला जिवाचं मोल आहे. जुन्नर-आंबेगावात बिबट्या ही रीलची गंमत नाही. तो उसात राहतो आणि त्याच उसाच्या कडेने पोरं सायकलवर क्लासला जातात. ‘गावात शिरला बिबट्या... पुढे जे झालं ते पाहून थरकाप उडेल!’ असं लिहून कुठलातरी जुना, भलतीकडचा व्हिडिओ टाकला की व्ह्यूज मिळतात. पण असे तीन व्हिडिओ पाहिलेला माणूस चौथा उघडतच नाही. आणि तो चौथा त्याच्याच वस्तीचा, आजच्याच संध्याकाळचा असू शकतो. सावध करायचं असतं तिथे गाठ बांधायचीच नसते. गाव, शिवार, तारीख, वेळ, कुणी पाहिला आणि काय करायचं, हे सगळं पहिल्या दोन ओळींत द्यायचं. ‘आज संध्याकाळी ७ वाजता, ओढ्यालगतच्या उसाजवळ, शेतकऱ्याने स्वतः पाहिला. अंधारात एकट्याने त्या रस्त्याने जाऊ नका. वनविभागाला कळवलं आहे.’ यात हूक नाही, आणि नकोच.

मग बिबट्यावर उत्सुकतेने काही करायचंच नाही का? जरूर करा. ऊसतोडीच्या दिवसांत फडात बछडे सापडतात. ‘वनविभाग तेच बछडे रात्री पुन्हा त्याच शेतात का ठेवतो?’ हा प्रश्न विचारून बघा, आपल्याकडचा माणूस थांबतोच. उत्तरही दमदार आहे. आई जवळपासच असते. पिल्लं दिसली नाहीत तर ती सैरभैर होते आणि माणसांसाठी जास्त धोक्याची ठरते. म्हणून माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी पिल्लं तपासतात, ती पुन्हा शेतात सुरक्षित ठेवतात, कॅमेरा लावून लांब थांबतात आणि बऱ्याचदा आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. प्रश्न खरा आहे, उत्तर प्रश्नाहून मोठं आहे, आणि बघणारा जाताना शहाणा होऊन जातो : पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत, आधी वनविभागाला फोन करायचा.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. हूक ही उधारी आहे. बघणारा आपला वेळ आधी देतो, माल नंतर घेतो. उधारी करायला लाजू नका, पण माल तोच द्या आणि कबूल केल्यापेक्षा थोडा जास्तच द्या. पुढचं रील टाकण्याआधी तुमची मागची पाच उघडा. प्रत्येकाच्या हूकखाली त्याचं उत्तर एका ओळीत लिहा. जिथे ओळ लिहिता येणार नाही, ते रील काढून टाका.