फोटो पाहून इलाज सांगणाऱ्यांनो, आधी विचारा

आपल्याकडे एक नवीन हकीमगिरी सुरू झाली आहे. कुणीतरी उघडलेल्या टीव्हीचा, चार्जरचा किंवा इन्व्हर्टरचा बोर्ड मोबाइलवर टिपतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकून देतो. सोबत एक शब्दही नसतो. पाच मिनिटांत उत्तरं येतात. "कपॅसिटर गेलाय, बदल." "फ्यूज उडाला असेल, तार जोडून बघ." "सोल्डर सुटलंय, गरम करून घे." वस्तू काय आहे, ती काय करते, ती सॉकेटमधून काढली आहे का, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. माझं भांडण फोटो पाठवणाऱ्याशी नाही. तो अडचणीत आहे आणि जे दिसलं ते त्याने पाठवलं. माझं भांडण न विचारता इलाज सांगणाऱ्यांशी आहे.

एक ताजं उदाहरण घ्या. माझ्या भाच्याने टीव्हीच्या पॉवर बोर्डचा फोटो ग्रुपवर टाकला. मधोमध अंगठ्याएवढा मोठा कपॅसिटर आणि त्याच्या बुडाशी पिवळट तपकिरी चिकट डाग. तीन जाणकारांनी एकमताने निकाल दिला की कपॅसिटर गळला आहे. एकाने तर बाजारातून कोणता आणायचा तेही सांगून टाकलं.

तो डाग गळतीचा नव्हता, डिंक होता. मोठे भाग हादऱ्याने हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्या बुडाशी डिंक लावतात आणि उष्णतेने तो वर्षागणिक तपकिरी होत जातो. कपॅसिटर खराब झाला की बहुतेक वेळा त्याचा वरचा सपाट माथा फुगतो. त्या माथ्यावर मुद्दाम रेघा कोरलेल्या असतात, आतला दाब वाढला की माथा तिथूनच उचलला जातो किंवा फाटतो. या फोटोत माथा सपाट होता. अर्थात सपाट माथ्याचा कपॅसिटरही आतून निकामी झालेला असू शकतो, आणि ते फोटोवरून कळत नाही. म्हणून मी भाच्याला फोन केला.

पहिला प्रश्न विचारला, "प्लग काढलाय का, आणि कधी काढलास?"

"मामू, आत्ताच काढला. फोटोसाठी मागचं झाकण उघडलं."

"मग हात लांब ठेव. बोर्डाला काही लावू नकोस."

हा प्रश्न पहिला का, ते सांगतो. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. पॉवर बोर्डावर ती एकदिश होऊन त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, तेव्हा तिथे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. काही मोठ्या टीव्हींमध्ये त्याहूनही जास्त. चालू स्थितीतला टीव्ही बंद केला तर पुढचं सर्किट ही वीज ओढून घेतं आणि कपॅसिटर लवकर रिकामा होतो. पण पॉवर बोर्डच बंद पडला असेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर कपॅसिटर भरतो आणि ती वीज ओढणारं कुणी उरत नाही. प्लग काढल्यावरही ती बराच वेळ तशीच राहू शकते. म्हणजे अगदी मुकाट पडलेला बोर्ड हा चालत्या बोर्डापेक्षा हाताला जास्त धोक्याचा असू शकतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. हे न विचारता "कपॅसिटर काढ" म्हणणं म्हणजे दुसऱ्याचा हात आगीत घालायला सांगणं आहे.

दुसरा प्रश्न: "वस्तू करते काय? 'बंद आहे' म्हणू नकोस. बटण दाबल्यापासून क्रमाने सांग."

भाचा म्हणाला, "लाल दिवा लागतो. रिमोट दाबला की स्क्रीन क्षणभर उजळते आणि काळी पडते. आवाज मात्र चालूच राहतो."

बिघाड कुठे नाही ते या तीन वाक्यांनी बरंचसं सांगितलं. लाल दिवा लागतो, आवाज येतो, म्हणजे मुख्य वीज पोहोचते आहे. आख्खा ग्रुप ज्या कपॅसिटरच्या मागे लागला होता तो आपलं काम करत होता. क्षणभर उजेड येऊन जातो, म्हणजे पडद्यामागच्या एलईडी पट्ट्यांत किंवा त्यांना वीज देणाऱ्या भागात दोष आहे. एखादी एलईडी जळली की ते सर्किट गडबड ओळखतं आणि स्वतःहून पट्ट्या बंद करतं.

याची खात्री काहीही न उघडता करता येते. मी त्याला झाकण नीट बसवायला सांगितलं. मग खोलीत अंधार करून टीव्ही लावायचा आणि बॅटरीचा उजेड स्क्रीनवर जवळून तिरका मारायचा. चित्र अंधूक हलताना दिसलं तर पडदा चित्र दाखवतो आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. भाच्याला बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा दिसला.

तिसरा प्रश्न: "याआधी कुणी काय केलंय, आणि तुझ्या हाताशी काय आहे?" आधी कुणी फ्यूजच्या जागी तार लावली असेल तर ती गोष्ट वेगळी. वीज कडाडली, पाणी पडलं, महिनाभर स्क्रीन लुकलुकत होती, यातल्या प्रत्येकाचा रस्ता वेगळा. भाच्याकडे मीटर नव्हता, एक पेचकस होता. म्हणून मी तिथेच थांबलो. एलईडी पट्ट्या बदलायच्या तर काचेचा पडदा अख्खा उचलून बाजूला ठेवावा लागतो. तो कागदासारखा वाकतो आणि जरा चुकला की तडकतो, मग टीव्हीच गेला. मी त्याला दुकानात पाठवलं, पण तिथे काय सांगायचं ते देऊन पाठवलं: आवाज आहे, चित्र आहे, बॅकलाइट जातो, पॉवर बोर्ड बदलू नका.

यावर लोक म्हणतात, "तुम्ही प्रश्नच विचारत बसता. गरीब माणसाकडे दुकानाचे पैसे नसतात, म्हणून तर तो विचारतो." मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच मी विचारतो. पैसे नसलेल्या माणसाने नको असलेला कपॅसिटर विकत घ्यायचा, चांगल्या बोर्डाचा पत्रा सोल्डरिंगने उचकटायचा आणि शेवटी दुकानात दोन बिघाड घेऊन जायचं, ही कसली मदत? माझ्या तीन प्रश्नांना दहा मिनिटं लागली. त्या बिनचूक वाटणाऱ्या निकालाला पाच मिनिटं लागली आणि तो चुकीचा होता.

फ्यूजचंही तसंच. काचेचा फ्यूज आतून काळाठिक्कर झाला असेल तर पुढे काहीतरी थेट शॉर्ट आहे. तिथे नवा फ्यूज घातला तर तोही त्याच क्षणी उडेल, आणि तार घातली तर बोर्ड जळेल. फ्यूज का उडाला हे विचारल्याशिवाय "फ्यूज बदल" हे उत्तरच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मुका फोटो आला की इलाज लिहिण्याआधी एवढंच लिहा: प्लग काढलाय का? बटण दाबल्यावर क्रमाने काय होतं? आधी काय केलंय आणि हाताशी काय आहे? उत्तरं आली नाहीत तर गप्प राहा. आपल्या अंदाजाचा झटका दुसऱ्याच्या बोटांना बसणार आहे.