शाळेचे दप्तर घेताना आधी रिकामे तोला

केंद्राच्या २०२० च्या धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको. म्हणजे २२ किलोच्या मुलीला २ किलो २०० ग्रॅम. कार्टूनचे दप्तर रिकामेच किलोभर भरले आणि त्यात लिटरभर पाणी गेले, की वह्या-पुस्तकांना जेमतेम २०० ग्रॅम उरतात! त्यामुळे चित्राआधी वजन पाहिलेले बरे. पट्टे मोठ्यांच्या तीन बोटांएवढे रुंद, गादीचे हवेत. अरुंद पट्टा खांद्यात रुतून लाल वळ उठतात. पाठीकडची गादी पुस्तकांचे कोपरे टोचू नयेत इतकीच जाड पुरे, उगाच जाड गादीने वजनच वाढते. घरी दप्तर भरून, दोन्ही पट्टे लावून मुलीला चालवून पाहावे. ती पुढे झुकत असेल तर आधी बाटली रिकामी करावी. पाणी शाळेत भरता येते.