चमचा एक, मापे दोन

पाककृतीतील छोटा चमचा बहुतेक देशांत ५ मिलिलिटरचाच धरला जातो. फरक पडतो तो मोठ्या चमच्यात. भारतात व ब्रिटनमध्ये तो १५ मिलिलिटरचा, म्हणजे तीन छोट्या चमच्यांइतका. अमेरिकेतही जवळपास तेवढाच. ऑस्ट्रेलियात मात्र तो २० मिलिलिटरचा, म्हणजे चार छोट्या चमच्यांइतका असतो. त्यामुळे ऑस्ट्रेलियन पाककृतीतील तीन मोठे चमचे तेल म्हणजे ६० मिलिलिटर. आपल्या चमच्याने तीनच घातले, तर ४५ भरते. चतुर्थांश तूट येते आणि बिनअंड्याचा केक कोरडा होण्याचा संभव असतो. अशा वेळी आपले चार चमचे घालावेत. जेवणाचा चमचा मापाचा नसतो. मापाच्या चमच्यावर बहुधा मिलिलिटरचा आकडा कोरलेला असतो, तो आधी पाहावा.