कोड संगणकाचा, टिप्पणी विद्यार्थ्याची

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत सादर झालेल्या अर्थसंकल्पीय भाषणात दोन घोषणा जवळजवळ होत्या. पहिली, येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची. दुसरी, शालेय आणि उच्च शिक्षणासाठी भारतीय भाषांतील डिजिटल पुस्तके देणाऱ्या भारतीय भाषा पुस्तक योजनेची. बातम्यांनी या घोषणा वेगवेगळ्या छापल्या. प्रत्यक्षात त्या एका पानावर एकत्र येतात. ते पान म्हणजे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवलेली आर्डुइनोच्या प्रकल्पाची मराठी मार्गदर्शिका. खोकी आणि निधी यांची मोजदाद होईल. या पानाची कोण करणार, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

या पानाविषयी दोन मते प्रचलित आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. एका पक्षाला सगळे मराठी हवे, अगदी कोडमधील आकडेसुद्धा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की कोड इंग्रजीत आहे, तर टिप्पण्याही इंग्रजीतच राहू द्याव्यात. मुलांना तेवढे समजते. दोघांचाही दोष एकच. पानावरील कोणता शब्द कोण वाचणार आहे, हे ते पाहत नाहीत. अशा पानाला तीन वाचक असतात. कोड कंपायलर वाचतो. पिनांची नावे विद्यार्थी बोर्डावर छापलेल्या अक्षरांशी ताडून पाहतो. टिप्पणी आणि स्पष्टीकरण मात्र तो समजून घेण्यासाठी वाचतो. तिघांसाठी एकच नियम लावणारा अनुवाद तिघांपैकी कोणाचा तरी घात करतो.

पहिला वाचक सर्वांत कठोर आहे. एलईडी एक सेकंद पेटवण्याच्या धड्यात `delay(1000);` ही ओळ असते. सर्व आकडे देवनागरी करण्याच्या नियमाने अनुवादकाने ती अशी केली, असे समजा:

```cpp
delay(१०००);
```

माणसाला यात काहीच बिघडलेले दिसत नाही. पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत तीन बाइटांनी साठवले जाते आणि त्यांतील पहिला बाइट अष्टमान पद्धतीत 340 असतो. आर्डुइनो उनोसाठी वापरात असलेला जीसीसी ७.३ हा कंपायलर या बाइटांना भरकटलेले समजतो. चार आकडे, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे बारा तक्रारी. त्यांतील पहिली अशी दिसते:

```
error: stray '\340' in program
```

भरकटलेले बाइट वगळले की कंसात काहीच उरत नाही. म्हणून `delay` ला पुरेशी माहिती मिळाली नाही, अशी आणखी एक तक्रार शेवटी येते. एका ओळीसाठी पडदा लाल होतो आणि त्या सगळ्या मजकुरात ‘आकडा देवनागरीत आहे’ असे कुठेही म्हटलेले नसते. मुलाने पुस्तकात छापलेले अक्षरशः उतरवले, तरी चूक त्याच्या नावावर जमा होते. हाच मुलगा घरी जाऊन सांगतो, की त्याला प्रोग्रामिंग जमत नाही.

यावर एक प्रतिवाद केला जातो, की तंत्र बदलत आहे. ते खरे आहे. जीसीसी १० पासून चलांच्या नावांत देवनागरी अक्षरे चालतात. तरीही देवनागरी १ ला तो कंपायलर संख्या मानत नाही, आणि `if`, `void`, `digitalWrite` हे शब्द तसेच राहतात. शिवाय एका ओळीत ‘बटण’ आणि दुसऱ्या ओळीत ‘बटन’ लिहिले, तर कंपायलरच्या दृष्टीने ती दोन वेगळी चले ठरतात. तेव्हा नियम सोपा आहे: कोडमधील प्रत्येक अक्षर आणि आकडा मूळाप्रमाणे ठेवावा, आणि `buttonPin` म्हणजे बटण जोडलेली पिन, हे बाहेर मराठीत एकदा नीट सांगावे. मजकुरात ‘१ सेकंद’ आणि कोडमध्ये `1000` असे शेजारी शेजारी असण्यात काहीही विसंगती नाही. मराठी माध्यमाचा विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकात मराठी वाक्याच्या मधोमध `NaCl` वाचतच असतो. त्याने मराठी बाटली असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

दुसरा थर पिनांचा. उनोच्या बोर्डावर `A0` ते `A5`, `5V`, `GND` अशी नावे छापलेली असतात, आणि काही अंकांच्या शेजारी `~` हे चिन्ह असते. अनुवादात ‘अ०’ किंवा ‘भूमी’ लिहिले, तर विद्यार्थी ते बोर्डावर शोधत बसतो, कारण तेथे ते नाही. `GND` च्या बाबतीत धोका अधिक सूक्ष्म आहे. त्यासाठी ‘अर्थिंग’ हा घरोघरी परिचित शब्द वापरण्याचा मोह होतो. पण अर्थिंग म्हणजे घराच्या वायरिंगमधून जमिनीत गाडलेल्या तारेशी केलेली जोडणी. बोर्डावरील `GND` हा त्या मंडलापुरता ठरवलेला शून्य व्होल्टचा संदर्भबिंदू आहे. बॅटरीवर चालणाऱ्या प्रकल्पात त्याचा जमिनीशी काही संबंध नसतो. मुलाने ‘अर्थिंगला जोडा’ हे वाक्य शब्दशः घेऊन तार भिंतीतील सॉकेटकडे नेली, तर अनुवादकाची चूक केवळ भाषेची राहत नाही. म्हणून नाव `GND` च ठेवावे आणि त्याचा अर्थ मराठीत स्पष्ट करावा.

तिसरा थर टिप्पण्यांचा. येथे इंग्रजीवादी पक्ष उघडा पडतो आणि घाईचा मराठी अनुवादही. कोडमध्ये `//` नंतर येणारा मजकूर कंपायलर टाकून देतो. तो देवनागरीत असला तरी बोर्डाच्या स्मृतीत त्याला एका बाइटचीही जागा लागत नाही. म्हणजे कोडच्या चौकटीत विद्यार्थ्याशी त्याच्या भाषेत बोलता येईल अशी ही एकमेव जागा आहे, आणि तीच इंग्रजीत सोडून देण्याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. मात्र येथे शब्दांचा अनुवाद पुरत नाही. मंडल समजावे लागते. बटणाचा हा नेहमीचा धडा पाहा:

```cpp
pinMode(2, INPUT_PULLUP);
if (digitalRead(2) == LOW) {
  digitalWrite(13, HIGH);
}
```

अनुवादकाच्या हाती बहुधा एक शब्दसूची असते: `HIGH` म्हणजे चालू, `LOW` म्हणजे बंद. त्यानुसार दुसऱ्या ओळीवर टिप्पणी येते, ‘बटण बंद असेल तर’. भाषा शुद्ध आहे, अर्थ नेमका उलटा आहे. `INPUT_PULLUP` लिहिल्यावर चिपमधील २० ते ५० किलोओहमचा एक रोध ती पिन ५ व्होल्टकडे ओढून धरतो. बटणाचे दुसरे टोक `GND` ला जोडलेले असते. बटण मोकळे असताना पिनवर जवळजवळ ५ व्होल्ट असतात, म्हणून वाचन `HIGH`. बटण दाबले की पिन थेट `GND` ला जोडली जाते, म्हणून वाचन `LOW`. अर्थात `LOW` म्हणजे दाबलेले.

आता हुशार विद्यार्थी काय करतो? तो टिप्पणी वाचतो, बटण दाबतो, दिवा पेटतो, आणि त्याला वाटते की कोड चुकला आहे. तो `LOW` च्या जागी `HIGH` करतो. आता न दाबता दिवा पेटतो. बरोबर असलेला कोड त्याने पुस्तकावर विश्वास ठेवून बिघडवला. कंपायलर येथे एकही तक्रार करत नाही, कारण टिप्पणी त्याने वाचलेलीच नसते. देवनागरी आकड्याची चूक निदान ओरडते तरी. खोटी टिप्पणी गप्प राहते, म्हणून ती अधिक घातक. योग्य टिप्पणी लहानशी आहे: ‘बटण दाबल्यावर पिन GND ला जोडली जाते, म्हणून LOW’. ती लिहिण्यासाठी बटण हाती घेऊन एकदा दाबावे लागते, एवढेच.

छपाईतही एक सापळा आहे. मराठी टिप्पणी मूळ इंग्रजीहून लांब झाली आणि पानावर ती दुसऱ्या ओळीत घसरली, की त्या दुसऱ्या ओळीच्या आरंभी `//` नसते. विद्यार्थी दोन ओळी दोन म्हणूनच टंकतो, आणि टिप्पणीचे शेपूट कोड बनून पुन्हा तेच `'\340'` हजर होते. `'\342'` दिसले, तर पुस्तकाच्या मांडणीत सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे झालेली असण्याचा संभव मोठा. दोन्हींची परीक्षा एकच: मूळ फाइल न घेता, छपाईला जाणाऱ्या अंतिम पानावरून कोड उतरवून घ्यावा, कंपाइल करावा आणि बोर्डावर चालवून पाहावा.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ साली कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली, कारण विज्ञान मातृभाषेत शिकवता येते असा त्यांचा आग्रह होता. आज त्याच शहरातील शिक्षकाने बंगाली आकड्यांत `delay` लिहिले, तरी कंपायलर तोच `'\340'` दाखवील. कारण बंगाली चिन्हांचा पहिला बाइटही तोच आहे. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक राज्याला हीच विभागणी करावी लागेल, आणि तिचा एक नमुना मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पडद्यावरील मजकूर इंग्रजीत राहतो आणि समजावणारा आवाज भारतीय भाषेत असतो. पडदा यंत्राचा, आवाज विद्यार्थ्याचा, ही सीमा तेथे स्पष्ट आहे. छापील पानावर तो आवाज म्हणजे टिप्पणी.

तेव्हा ५० हजार प्रयोगशाळांसाठी मार्गदर्शिका छापणाऱ्यांकडे एकच मागणी रास्त आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या खाली अनुवादकाच्या नावाशेजारी आणखी एक नाव छापावे: ज्याने त्या अंतिम मराठी पानावरून तारा जोडल्या, कोड उतरवला आणि बटण दाबून प्रत्येक टिप्पणी खरी ठरते का हे पाहिले, त्याचे. हे नाव नसलेले पान अपूर्ण आहे, आणि ते शाळेत पाठवू नये.