घर सोडणाऱ्याला द्यायची यादी



मागच्या भाडेकरूंना मी फक्त "घर स्वच्छ करून द्या" म्हणाले होते आणि अनामत रकमेवरून वाद झाला. म्हणून या वेळी ताई घर सोडणार म्हणताच पंधरा दिवस आधी यादी लिहून दिली. माझं मत असं, की अशा यादीत काय करायचं याबरोबर काय करायचं नाही, हेही हवं.

सुरुवात पंख्यांपासून, कारण त्यांची धूळ खाली पडते. पंखा बंद करून पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवायचा आणि दाबून ओढून घ्यायचा. धूळ आतच राहते.

मग भिंती. खिळे काढून भोकात पुट्टी भरायची, वाळली की पॉलिशपेपरने घासायची. मुलांनी काढलेली चित्रं त्यांनी पुसायची. पण दोन वर्षांत फिका झालेला रंग हा आपलाच खर्च.

शेवटी बाथरूम. नळावरचे पांढरे डाग क्षाराचे असतात. व्हिनेगरने भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं, की घासून निघतात; मग पाण्याने धुवायचं. ॲसिड नको, हे मी ठळक लिहिलं. त्याने नळाची चमक जाते, फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं आणि मोरीतले जीव नाहक मरतात.

ताईंनी प्रत्येक ओळीपुढे खूण केली. आम्ही दोघींनी मिळून घर पाहिलं आणि अनामत त्याच दिवशी परत दिली.